२१० की २२०? खरा प्रश्न तासिकांचा आहे

तमिळनाडूच्या शालेय शिक्षण विभागाने २०२४-२५ या वर्षाची शैक्षणिक दिनदर्शिका जाहीर केली, तेव्हा तीत कामाचे २२० दिवस धरलेले होते. हा आकडा गाठण्यासाठी अनेक शनिवारी शाळा भरवाव्या लागणार होत्या. शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला आणि काही काळाने विभागाने सुधारित दिनदर्शिका काढून दिवस २१० वर आणले. चेन्नईत या निर्णयाकडे संघटनांचा विजय किंवा सरकारची माघार म्हणून पाहिले गेले. माझ्या मते, दोन्ही बाजूंनी चुकीच्या आकड्यावर आपली शक्ती खर्च केली.

कामाचे दिवस मोजणे सोपे असते, म्हणून सरकारे ते मोजतात. परंतु विद्यार्थ्याच्या पदरात दिवस पडत नाहीत, तासिका पडतात; आणि तासिका घेण्यासाठी वर्गात शिक्षक असावा लागतो. दिवस, तासिका आणि शिक्षक या तिन्हींचा एकत्र हिशेब केल्याशिवाय २१० पुरेसे आहेत की अपुरे, हे कोणालाही सांगता येणार नाही. हा हिशेब अवघड नाही. तो सहसा मांडला जात नाही, इतकेच.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत दोन वेगवेगळी मापे दिली आहेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तासांचे काम सांगितले आहे आणि त्यात पाठाच्या पूर्वतयारीचा वेळही धरला आहे. म्हणजे २१० दिवसांची दिनदर्शिका सहावी ते आठवीपुरती कायद्यातील आकड्याशी जुळत नाही. पण हा तांत्रिक आक्षेप क्षणभर बाजूला ठेवून मी १००० तासांचेच काय होते ते पाहतो.

दिवसाला ४० मिनिटांच्या आठ तासिका असलेली शाळा घेऊ. एका दिवसात ३२० मिनिटे, म्हणजे ५ तास २० मिनिटे अध्यापन होते. या गतीने १००० तास पूर्ण होण्यास १८८ दिवस लागतात. दिवस २१० असतील, तर कागदावर २२ दिवसांची शिल्लक दिसते. अधिकाऱ्याला एवढी शिल्लक समाधानकारक वाटते.

मात्र परीक्षेचे दिवसही कामाचेच दिवस म्हणून मोजले जातात. तमिळनाडूत सप्टेंबरमध्ये तिमाही, डिसेंबरमध्ये सहामाही आणि वर्षाच्या शेवटी वार्षिक अशा तीन परीक्षा होतात. प्रत्येकीला आठ दिवस धरले तर २४ दिवस गेले. उरले १८६. शिल्लक तर संपलीच, वर दोन दिवसांची तूट आली; आणि अजून पाऊस पडलेला नाही. २२० दिवसांच्या दिनदर्शिकेत याच पद्धतीने १९६ दिवस उरतात, म्हणजे आठ दिवसांची खरी शिल्लक राहते. वादाचे खरे स्वरूप हे आहे. दहा शनिवार हवेत की नकोत, हा वाद वरवरचा आहे. तीन परीक्षांवर २४ दिवस खर्च करायचे असतील तर ते कुठून आणायचे, हा मूळ प्रश्न आहे आणि तो कोणी विचारलाच नाही.

चेन्नईचा पाऊस

महाराष्ट्रातील वाचकाला शाळा आणि पाऊस यांचे नाते जून-जुलैमध्ये दिसते. चेन्नईत ते ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात असते. ईशान्य मान्सून या तीन महिन्यांत शहराला वर्षातील निम्म्याहून अधिक पाऊस देतो. त्या काळात सकाळी जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात आणि मुले घरी राहतात. हे दरवर्षी कमी-अधिक प्रमाणात घडते. त्यामुळे त्याला आकस्मिक आपत्ती म्हणता येत नाही, ती वर्षाच्या नियोजनातील ज्ञात वजाबाकी आहे.

ही वजाबाकी नेमक्या कोणत्या जागी होते, ते महत्त्वाचे आहे. जूनच्या आरंभी शाळा उघडल्यापासून तिमाही परीक्षेपर्यंत सुमारे ७० अध्यापनाचे दिवस मिळतात. तिमाहीनंतरची सुट्टी संपून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वर्ग भरतात, तेव्हापासून सहामाहीपर्यंत, दिवाळी वगळता, जेमतेम ४५ दिवस असतात. वर्षातील सर्वांत छोटा टप्पा आणि सर्वांत मोठा पाऊस हे दोन्ही एकाच जागी येतात. सत्तर दिवसांतून पाच गेले तर शिक्षक ते भरून काढतो. पंचेचाळिसांतून पाच गेले तर नववा हिस्सा गेला, आणि भरून काढण्याआधीच परीक्षा दारात येते.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये हेच झाले. मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने ३ आणि ४ डिसेंबरला चेन्नई पाण्याखाली गेली. चेन्नई आणि शेजारच्या जिल्ह्यांतील शाळा आठवडाभर बंद राहून ११ डिसेंबरला उघडल्या. सहामाही परीक्षा १३ डिसेंबरपर्यंत पुढे ढकलावी लागली, आणि तीही संपूर्ण राज्यात. त्याआधी २०१५ च्या महापुरात शाळा इतके दिवस बंद राहिल्या की सहामाही परीक्षा जानेवारी २०१६ मध्ये घ्यावी लागली.

२०२३ च्या प्रसंगातील ‘संपूर्ण राज्यात’ या शब्दांकडे मी लक्ष वेधू इच्छितो. पाणी चेन्नईत शिरले, परंतु परीक्षेच्या तारखा कोइम्बतूर आणि मदुराईच्या मुलांच्याही बदलल्या. प्रश्नपत्रिका राज्यभर समान असली की एका किनाऱ्यावरचे वादळ सगळ्या राज्याचे वेळापत्रक हलवते. आणि चेन्नईच्या मुलांना मिळाले काय? ११ तारखेला शाळा उघडली आणि १३ तारखेला पेपर. ज्यांच्या घरात चिखल होता, ज्यांची पुस्तके भिजली होती, त्यांना दोन दिवस मिळाले.

यावर सध्याचा उपाय म्हणजे नंतरचे शनिवार भरवणे. मला तो पटत नाही. जानेवारीतील शनिवारी दिलेली तासिका डिसेंबरच्या परीक्षेस बसलेल्या मुलाच्या उपयोगी पडत नाही. गेलेला दिवस हजेरीपटावर भरून निघतो, मुलाच्या वहीत निघत नाही. त्याऐवजी किनारी जिल्ह्यांच्या दिनदर्शिकेत सहामाहीच्या आधीचे पाच दिवस राखीव ठेवावेत आणि त्यांच्यासाठी नवा पाठ नेमू नये. पाऊस आला नाही तर उजळणी होईल, आला तर राहिलेला पाठ पूर्ण होईल. यासाठी ऑक्टोबर ते डिसेंबरचा अभ्यासक्रम चाळीस दिवसांच्या मापाने आखावा लागेल आणि त्यातील काही धडे सत्तर दिवसांच्या पहिल्या टप्प्यात सरकवावे लागतील. अभ्यासक्रमाचे तीन समान भाग करण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना हे खटकेल. परंतु टप्पे समान नसताना भाग समान करणे म्हणजे तूट आधीच ठरवून ठेवणे.

शिक्षकाचा आठवडा

आता दुसऱ्या बाजूने, शिक्षकाच्या बाजूने पाहू. समजा, एका शाळेत सहावी ते दहावीच्या प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण दहा तुकड्या आहेत. प्रत्येक तुकडीला गणिताच्या आठवड्याला सात तासिका. एकूण ७० तासिका झाल्या. आठवड्यात पाच दिवस आणि दिवसाला आठ या हिशेबाने एका शिक्षकाकडे जास्तीत जास्त ४० तासिकांची जागा असते. गणिताचे दोन शिक्षक मंजूर असतील तर प्रत्येकाला ३५ तासिका येतात; दिवसाला एक मोकळी. तीन शिक्षक असतील तर प्रत्येकाला २३ किंवा २४.

दोन शिक्षकांचे वेळापत्रक जुळत नाही असे नाही. ते भिंतीवर लावता येते, कोणत्याही वर्गाची तासिका रिकामी दिसत नाही आणि तपासणीला आलेला अधिकारी समाधानाने सही करतो. दोष दिसू लागतो तो परीक्षेनंतर. तुकडीत ४० मुले धरली तर दहा तुकड्यांच्या ४०० उत्तरपत्रिका, म्हणजे प्रत्येक शिक्षकाला २०० उत्तरपत्रिका तपासायच्या असतात. एकीला सहा मिनिटे लागली तरी २० तास झाले. आठवड्याला त्याच्याकडे पाच मोकळ्या तासिका, म्हणजे ३ तास २० मिनिटे आहेत. शाळेच्या वेळेत हे काम संपायला बरोबर सहा आठवडे लागतील, आणि तेही त्या काळात कोणी रजेवर गेले नाही व त्याला बदली तासिकेवर पाठवले नाही तर. तीन शिक्षक असते तर हेच काम सव्वा आठवड्यात संपले असते.

या दोन शिक्षकांपुढे तीन वाटा राहतात. रात्री आणि सुट्टीत घरी तपासायचे. घाईने, नुसत्या खुणा करून तपासायचे. किंवा तपासलेली उत्तरपत्रिका मुलाच्या हाती देण्यास इतका उशीर करायचा की तोवर वर्ग दोन धडे पुढे गेलेला असेल. तिसरी वाट सर्वांत वाईट, कारण मग परीक्षेने मुलाला काही शिकवलेले नसते. एखाद्या शाळेचे नियोजन कोलमडले आहे की नाही हे ओळखण्यासाठी मी वेळापत्रक पाहत नाही. मी विचारतो की तिमाहीची गणिताची उत्तरपत्रिका मुलांना कोणत्या तारखेला परत मिळाली.

येथे एक बिनखर्ची सुधारणा शक्य आहे. पेपरांचा क्रम बहुधा परंपरेने ठरतो: आधी भाषा, मग इंग्रजी, गणित, विज्ञान आणि शेवटी सामाजिक शास्त्रे. हा क्रम तपासणीच्या ओझ्यावरून ठरवता येईल. ज्या विषयाच्या शिक्षकामागे सर्वाधिक उत्तरपत्रिका, त्याचा पेपर पहिल्या दिवशी. परीक्षा सकाळी असेल आणि दुपारी वर्ग भरत नसतील, तर पुढचे सात दिवस त्या शिक्षकाला रोज सुमारे अडीच तास मिळतात. साडेसतरा तास झाले. वीस तासांचे काम शाळेतच जवळजवळ उरकते. तोच पेपर शेवटच्या दिवशी ठेवला तर एकही तास मिळत नाही आणि गठ्ठा सुट्टीत घरी जातो. या उपायाला एक मर्यादा आहे. पेपरांचा क्रम राज्य पातळीवर ठरत असेल तर मुख्याध्यापकाच्या हाती काही उरत नाही. आणि प्रत्येक शाळेत ओझे वेगळ्या विषयावर असते. म्हणून निदान आठवीपर्यंतच्या परीक्षांचा क्रम शाळेवर सोडावा, असे माझे मत आहे.

हे गणित तमिळनाडूपुरते नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्राने पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात एकसमान वेळापत्रकाने घेण्याचे ठरवले. परीक्षा लवकर संपल्या की मुले शाळेत येणे थांबवतात आणि एप्रिल वाया जातो, हे त्यामागचे कारण योग्यच होते. परंतु निकाल १ मे रोजी द्यायचा होता. शेवटचा पेपर शुक्रवारी, २५ तारखेला. निकाल पुढच्या गुरुवारी. विद्यार्थ्यांचे अध्यापनाचे दिवस वाचवताना शिक्षकांच्या तपासणीचे दिवस कोणी मोजले नाहीत, म्हणून संघटनांची तक्रार उन्हापुरती राहिली नाही. वरचा हिशेब त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

अकरावीची परीक्षा गेली, पुढे काय?

वर्षातील सर्वांत मोठी परीक्षा-खिडकी मार्चमध्ये उघडते. २०२५ मध्ये तमिळनाडूत बारावीची सार्वजनिक परीक्षा ३ ते २५ मार्च, अकरावीची ५ ते २७ मार्च आणि दहावीची २८ मार्च ते १५ एप्रिल अशी झाली. म्हणजे सलग ४४ दिवस शाळांच्या इमारती परीक्षा केंद्रे झाल्या. शिक्षक पर्यवेक्षणासाठी इतरत्र गेले, मग तपासणी केंद्रांवर गेले. सहावी ते नववीचे वर्ग ज्या खोल्या आणि जे शिक्षक उरले त्यांत भागवले गेले. दिनदर्शिकेत या ४४ दिवसांतील कामाचे दिवस ‘कामाचे’ म्हणूनच नोंदलेले असतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी राज्याचे शिक्षण धोरण जाहीर केले. न्यायमूर्ती डी. मुरुगेसन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर ते आधारलेले आहे. त्याबरोबर २०२५-२६ पासून अकरावीची सार्वजनिक परीक्षा रद्द झाली. परिणाम वेळापत्रकात लगेच दिसला: २०२६ साठी बारावीची परीक्षा २ ते २६ मार्च आणि दहावीची ११ मार्च ते ६ एप्रिल अशी जाहीर झाली. खिडकी ४४ दिवसांवरून ३६ दिवसांवर आली आणि तपासणीचा एक संपूर्ण थर नाहीसा झाला. मी या निर्णयाचे स्वागत करतो. लागोपाठ तीन वर्षे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सार्वजनिक परीक्षेला बसवण्यात शहाणपण नव्हते, आणि २०१८ पासून उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी अकरावीचे गुण धरलेही जात नव्हते.

पण ही परीक्षा २०१७ मध्ये का आणली गेली, हे विसरून चालणार नाही. अनेक शाळा, विशेषतः निकालाच्या टक्केवारीवर प्रवेश मिळवणाऱ्या खासगी शाळा, अकरावीचा अभ्यासक्रम बाजूला सारून दोन्ही वर्षे बारावीच शिकवत होत्या. मुले बारावीत उत्तम गुण मिळवीत आणि पुढे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला वा राष्ट्रीय प्रवेश परीक्षांमध्ये अडखळत, कारण त्यांचा पायाच घातलेला नसे. सार्वजनिक परीक्षा हा त्या पळवाटेवर लावलेला अडसर होता. अडसर काढला आहे. पळवाट तिथेच आहे.

ती सरकारी शाळेतही उघडू शकते, आणि तिथे कोणाचा कुटिल हेतू असावा लागत नाही. भौतिकशास्त्राचा एक शिक्षक घ्या. अकरावीच्या दोन आणि बारावीच्या दोन तुकड्या, प्रत्येकी सात तासिका, आठवड्याला २८. जानेवारीत बारावीच्या उजळणी परीक्षा सुरू होतात, फेब्रुवारीत प्रात्यक्षिके येतात. जादा तास हवे असतात आणि ते एकाच ठिकाणी मिळू शकतात: त्याच शिक्षकाच्या अकरावीच्या चौदा तासिकांत. आठवड्याला सहा तासिका उसन्या घेतल्या तरी आठ आठवड्यांत ४८ जातात, म्हणजे एका तुकडीच्या वाट्याला २४, जवळजवळ साडेतीन आठवड्यांचे भौतिकशास्त्र. पूर्वी मार्चमधील अकरावीची परीक्षा या उसनवारीला मर्यादा घालत होती. आता ती मर्यादा वेळापत्रकालाच घालावी लागेल.

ते कसे करायचे? माझ्या सूचना मोजक्या आहेत. अकरावीची वार्षिक परीक्षा शाळेने घ्यावी, पण तिची तारीख बारावीची लेखी परीक्षा संपल्यानंतरची असावी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत अकरावीचा वर्ग बंद पडणार नाही. जानेवारीनंतर अकरावीच्या तासिका बदलायच्या असतील तर मुख्याध्यापकाने त्याची लेखी नोंद ठेवावी. आणि जिल्हा अधिकाऱ्याने फेब्रुवारीत शाळेला भेट देताना भिंतीवरचे वेळापत्रक न पाहता अकरावीच्या दोन-तीन मुलांच्या वह्या मागवाव्यात. वहीत अकरावीचा धडा आहे की बारावीचा, हे पाच मिनिटांत कळते. नवी सार्वजनिक परीक्षा घेण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त आहे.

तीन आकडे

मुळातल्या वादाकडे परत येतो. २१० की २२०? माझे उत्तर असे की सरकारने एक आकडा जाहीर करणे थांबवावे आणि तीन जाहीर करावेत: शाळा उघडी राहण्याचे दिवस, परीक्षा वगळून अध्यापनाचे दिवस, आणि प्रत्येक इयत्तेला प्रत्येक विषयाच्या मिळणाऱ्या तासिका. पहिल्या आकड्यावर संघटना आणि सरकार भांडत राहतील. तिसऱ्यावर भांडता येणार नाही, कारण त्यात शिक्षकांची रिक्त पदे लगेच उघडी पडतात. दहा तुकड्यांना गणिताचे दोनच शिक्षक असतील, तर २२० काय आणि २३० काय, उत्तरपत्रिका सहा आठवड्यांनीच परत येतील. अशा शाळेला दहा शनिवार देण्याने काही साधत नाही. तिला तिसरा शिक्षक द्यावा लागतो.

शनिवार स्वस्त असतो आणि शिक्षकाचे पद महाग असते. दरवर्षी दिवसांचाच वाद का रंगतो, याचे कारण मला तरी यातच दिसते. चेन्नईत नुंगमबक्कमच्या कॉलेज रोडवरील शिक्षण विभागाच्या कार्यालयात पुढील वर्षाची दिनदर्शिका आखली जाईल, तेव्हा वित्त विभागाच्या अधिकाऱ्यालाही त्या टेबलावर बसवावे, ही माझी विनंती आहे.